भरलेली वाटी, कोरडा बोका

आमच्या बोक्याची वाटी कधी रिकामी नसायची. सकाळी कामावर निघताना कोरड्या खाण्याने ती काठोकाठ भरायची, संध्याकाळी आल्यावर वरून आणखी मूठभर. पावसाळ्यात दाणे सादळायचे, वाटीला मुंग्या लागायच्या, तरी आपण मांजराला उपाशी ठेवत नाही याचंच समाधान. नसबंदी झालेला, दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणारा हा बोका साडेचारचा असायला हवा होता, तो पावणेसहा किलोचा झाला. शेजारची पाण्याची वाटी मात्र संध्याकाळी जवळपास तशीच असायची.

मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांतले रानमांजर. त्यांना बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असतं. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडं लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतात आणि तहान उशिराच लागते. अशा प्राण्यासमोर आपण दहा टक्के पाणी असलेले दाणे ठेवतो. तहान ती उणीव थोडीफार भरून काढते, पुरती नाही.

हिशेब मांडून पाहिला. मांजराला किलोमागे साधारण पन्नास मिली पाणी धरतात, म्हणजे साडेचार किलोला सव्वादोनशे मिली. दिवसाच्या पंचावन्न ग्रॅम दाण्यांतून मिळतं जेमतेम पाच. त्याऐवजी पंच्याऐंशी ग्रॅमचे दोन ओले पाउच दिले, की एकशे तीस-पस्तीस मिली पाणी खाण्यातूनच पोटात जातं. ओलं खाणारं मांजर वाटीतलं पाणी आणखी कमी पितं. त्यात काळजीचं काही नाही.

म्हणून आमच्याकडे आधी बदललं ते जेवण. सकाळी एक पाउच, रात्री एक, प्रत्येकात दोन चमचे कोमट पाणी कालवून. दाणे दिवसाला फक्त वीस ग्रॅम, तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. मापाच्या कपाने रोज थोडं जास्तच पडतं. हा बदल आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू केला. एकदम वाटी उचलून ‘भूक लागली की खाईल’ म्हणत बसू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. दिवसभर तोंडच लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करावा.

सडसडीत, नेमकं खाणाऱ्या एकट्या मांजराला वाटी भरून ठेवली तर बिघडत नाही. पण घरात दोन मांजरं असली, तर कोणी किती खाल्लं हे भरलेली वाटी सांगत नाही. कुणाची भूक मंदावली तर ते चार दिवसांनी कळतं. वेळेवर जेवण देण्याचा मला दिसलेला मोठा फायदा हाच.

ते वीस ग्रॅम दाणे आम्ही पझल फीडरमधून देतो. पहिला फीडर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा. खळग्यात दोन-दोन दाणे, बोका पंजाने ते उकरून काढतो. नंतर प्लास्टिकच्या बाटलीला दाण्याच्या दुपटीएवढी भोकं पाडली. ती ढकलली की दाणे सांडतात. सुरुवातीला भोकं मोठी आणि बाटली अर्धी भरलेली हवी, नाहीतर मांजर कंटाळून निघून जातं. मांजरांना कष्टाचं खाणं आवडतं, असा समज करून घेऊ नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2021 मध्ये सतरा मांजरांपुढे कोडं आणि साधी थाळी शेजारी ठेवली, तेव्हा बहुतेकांनी थाळीच पसंत केली. म्हणून शेजारी भरलेली वाटी असेल, तर कोड्याकडे कोण बघतो?

कारंजं शेवटी आणलं, आणि माझं मत थोडं कोरडंच आहे. काही मांजरं वाहत्या पाण्यावर जास्त पितात, काही ढुंकूनही बघत नाहीत. अभ्यासांतही सरसकट फायदा दिसलेला नाही. वीज गेली की पंप बंद. आठवडाभर धुतलं नाही, तर आतून बुळबुळीत थर धरतो आणि मांजर तोंड फिरवतं. फिल्टर महिन्याच्या आत बदलावा लागतो. त्याआधी फुकटचा उपाय करून पाहा. रुंद, उथळ काचेच्या किंवा स्टीलच्या दोन-तीन वाट्या, खाण्यापासून आणि वाळूच्या ट्रेपासून लांब, रोज ताज्या पाण्याच्या. आमचा बोका खिडकीजवळच्या कुंडीशेजारच्या वाटीतून पिऊ लागला.

फरक कळतो तो ट्रेमध्ये. पूर्वी दिवसाला लघवीचे एक-दोन बारके, सुपारीएवढे गोळे निघायचे. आता तीन, लिंबाएवढे. उलट, खाण्यात बदल नसताना मांजर अचानक घटाघटा पाणी पिऊ लागलं, तर खूश होऊ नका. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो, रक्ताची तपासणी करून घ्या.

आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, पण गोळाच पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री दवाखाना गाठा.