log चा पाया कोणता?

0.001 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा pH बारावीचा विद्यार्थी तोंडी सांगतो: 3. हाच हिशोब पायथनमध्ये केला तर?

```
import math
print(-math.log(0.001))
```

पडद्यावर सुमारे 6.91 येते. संगणकाने चूक दाखवली नाही, आकडाही अशक्य वाटत नाही. पण या उत्तरानुसार ते आम्ल जवळजवळ शुद्ध पाण्याइतके उदासीन ठरते.

घोटाळा आहे तो पायाचा. 10 चा कितवा घात केला की 1000 येतात, याचे उत्तर 3. पाया 10 ऐवजी e, म्हणजे सुमारे 2.718 घेतला, तर तेच उत्तर 6.91 होते. रसायनशास्त्र log लिहिते तेव्हा पाया 10 असतो, पायथनचा math.log मात्र e धरतो.

दहाचा पाया रुजला तो कागदावरच्या आकडेमोडीमुळे. इंग्लंडच्या हेन्री ब्रिग्ज यांनी 1617 मध्ये दहाच्या पायावरचे पहिले कोष्टक छापले. 2 चा log 0.3010, 20 चा 1.3010, 200 चा 2.3010, अपूर्णांकाचा भाग बदलतच नाही, त्यामुळे एकच कोष्टक सगळ्या संख्यांना पुरते. महाराष्ट्रात बारावीच्या परीक्षेत आजही कॅल्क्युलेटरला मनाई आणि लॉग टेबलला परवानगी असते. कॅल्क्युलेटरच्या log बटणानेही हाच पाया ठेवला आणि e साठी ln हे वेगळे बटण दिले. अभियंत्यांचे डेसिबलही दहाच्याच पायावर मोजतात.

गणितज्ञांना e सोयीचा, कारण त्या पायावर कलनाची सूत्रे सुटसुटीत होतात. म्हणून उच्च गणितात नुसता log म्हणजे बहुधा ln. फोर्ट्रान, सी, जावा या संगणकभाषांनी तोच अर्थ घेतला. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत तर बरेचदा पाया 2 असतो: क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांत दरवेळी निम्मी बाजूला टाकत शोधले, तर 20 पायऱ्या पुरतात, कारण 2 चा विसावा घात दहा लाखांच्या थोडा पुढे जातो.

छापील सूत्रात पाया लिहिलेला नसला, तरी 2.303 हा गुणक दिसला की log बहुधा दहाचा समजावा. e च्या पायावरून दहाच्या पायावर येताना हा गुणक लागतो. रासायनिक अभिक्रियेच्या वेगाच्या सूत्रात तो तसाच ठेवून कोणी ln दाबले, तर उत्तर 2.303 पट फुगते. उत्तर नेमके इतक्या पटीने चुकले असेल, तर आधी पायाच तपासावा.

यंत्राकडून खात्री करून घ्यायला log(10) विचारावे. 1 आले तर पाया 10, 2.3026 आले तर e, 3.3219 आले तर 2. एक्सेलमध्ये ही तपासणी दोनदा करावी लागते: तक्त्यातल्या रकान्यात LOG(10) चे उत्तर 1 येते, पण त्याच एक्सेलच्या VBA मध्ये Log(10) लिहिले की 2.3026.