सोनेरी काठ, पिवळी भिंत

साडीच्या दुकानाची जाहिरात करायची आहे, असं धरून चालू. हिरवी रेशमी साडी, तिला रुंद सोनेरी काठ, शेजारी पितळी समई, मागे पांढरी भिंत आणि मऊ उजेड. हे वर्णन, म्हणजे प्रॉम्प्ट, ‘स्टेबल डिफ्युजन’ला इंग्रजीत दिलं जातं आणि चित्र येतं. सगळं मनासारखं असतं, फक्त काठ बारीक आणि फिका उतरलेला असतो. मग जाहिरात करणारा माणूस त्या दोन शब्दांभोवती कंस घालतो आणि पुढे आकडा लिहितो.

```
photo of a woman in a green silk saree with (gold border:1.5), brass lamp, white wall, soft daylight
```

पुढच्या चित्रात काठ खरंच उठून दिसतो. पण भिंत पांढरी राहिलेली नसते, मलईच्या रंगाकडे गेलेली असते. साडीचा हिरवा मेहंदीकडे झुकतो. मऊ उजेडाचं तिरपं, पिवळसर ऊन होतं. बाईच्या गळ्यात कुणीही न मागितलेला हार येतो. बदलला फक्त एक आकडा, आणि चित्र मात्र चहूबाजूंनी हललं. या प्रकारच्या तक्रारी चित्रं बनवणाऱ्यांमध्ये नेहमी ऐकू येतात आणि त्यांचं खापर बहुतेक वेळा ‘यंत्राच्या लहरी’वर फोडलं जातं. खरं तर यात लहरीचा भाग थोडा आहे, हिशेबाचा जास्त.

आधी ही लिपी कशी चालते ते पाहू. ‘स्टेबल डिफ्युजन’ 2022च्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते घरच्या संगणकावर चालवण्यासाठी ‘ऑटोमॅटिक1111’ नावाचा वेब-इंटरफेस फार लोकप्रिय झाला आणि कंसांची ही पद्धतही त्यातूनच सर्वदूर पोचली. शब्दाभोवती एक गोल कंस घातला की त्याचं वजन 1.1 पट होतं, दोन कंस घातले की 1.21 पट. चौकोनी कंस घातला तर वजन 1.1ने भागलं जातं. नेमका आकडा हवा असेल तर गोल कंसात अपूर्णविरामानंतर तो लिहायचा, वर लिहिलाय तसा. शब्द निवडून कंट्रोलसोबत वरचा किंवा खालचा बाण दाबला की आकडा आपोआप वरखाली होतो. ही सोय इतकी हाताशी आहे की बोट बाणावरून उठायला तयार होत नाही.

वजन वाढवणं म्हणजे नेमकं काय वाढवणं? प्रॉम्प्टमधला मजकूर आधी ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत मोडला जातो. ‘क्लिप’ नावाचं भाषेचं मॉडेल एका वेळी असे 75 तुकडे घेतं आणि ‘स्टेबल डिफ्युजन’च्या 1.5 आवृत्तीत प्रत्येक तुकड्याची 768 आकड्यांची यादी करतं. ‘ऑटोमॅटिक1111’मध्ये कंसातल्या शब्दांच्या याद्यांना 1.5ने गुणलं जातं. बस, एवढंच. चित्र काढणारं जाळं मग चित्राच्या प्रत्येक भागात विचारतं की इथे कुठल्या शब्दाचं किती ऐकायचं. या लक्ष वाटण्याची बेरीज दर वेळी शंभर टक्केच होते. एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा कमी होणारच.

एक सोपं, मनाने मांडलेलं उदाहरण घेऊ. चित्राच्या एका ठिकाणी तीन शब्द हजर आहेत आणि त्यांचे गुण 2, 1 आणि 1 आहेत. लक्ष वाटण्याचं सूत्र घातांकी असल्याने पहिल्याला सुमारे 58 टक्के मिळतात आणि उरलेल्या दोघांना 21-21. आता पहिल्याला 1.5ने गुणलं. त्याचा गुण 3 झाला, आणि वाटा एकदम 79 टक्क्यांवर गेला. बाकी दोघांकडे जेमतेम 11-11 टक्के उरले. म्हणजे ‘दीडपट जोर’ दिला तेव्हा शेजाऱ्यांचा आवाज अर्धा झाला. शिवाय तीच मोठी झालेली यादी दुसऱ्यांदाही कामी येते: किती ऐकायचं हे ठरवताना एकदा आणि त्या शब्दाने काय सांगायचं हे ठरवताना पुन्हा. दीडपट हा आकडा दिसतो तेवढा साधा नाही तो यामुळे.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गुण उणे असेल, म्हणजे त्या जागी तो शब्द मॉडेलला मुळीच लागू वाटत नसेल, तर 1.5ने गुणल्यावर तो आणखी उणे होतो. वजन वाढवल्याने शब्द जिथे आधीच ऐकला जातो तिथे अधिक ऐकला जातो. जिथे ऐकलाच जात नाही तिथे तो नव्याने उगवेल याची खात्री नसते. चित्रात समई आलीच नसेल तर `(brass lamp:1.6)` लिहून ती येईलच असं नाही. कधी कधी समईऐवजी नुसती पितळी झाक सगळीकडे येते.

भिंत पिवळी का झाली याला आणखी एक कारण आहे. ‘क्लिप’ वाक्य डावीकडून उजवीकडे वाचतं आणि प्रत्येक तुकड्याच्या यादीत त्याच्या आधीच्या सगळ्या शब्दांचा अंश मिसळतो. आपल्या प्रॉम्प्टमध्ये समई, भिंत आणि उजेड हे तिन्ही शब्द सोन्यानंतर येतात, म्हणजे कंस घालण्याआधीच त्यांना सोन्याचा थोडा संसर्ग झालेला असतो. साडीचा शब्द आधी येतो, पण तोही सुटत नाही, कारण चित्राचा प्रत्येक भाग सगळे शब्द ऐकतो आणि काठ साडीला लागूनच असतो. हाराचं कारण आणखी वेगळं. रेशमी साडी आणि सोनं एकत्र असलेल्या छायाचित्रांत दागिनेही असतात, आणि मॉडेल अशाच छायाचित्रांवर शिकलेलं असतं. एका शब्दाला ओढलं की त्याच्याबरोबर नेहमी दिसणाऱ्या वस्तूही ओढल्या जातात. ‘बॉर्डर’ या शब्दाचं तर आणखीच वेगळं: वजन फार चढवलं की कधी साडीऐवजी चित्रालाच सोनेरी चौकट लागते.

त्यात ‘ऑटोमॅटिक1111’ची आणखी एक खोड आहे. शब्दांना गुणून झाल्यावर तो सगळ्या आकड्यांची सरासरी पूर्वीइतकी करण्यासाठी पूर्ण प्रॉम्प्टला पुन्हा एका गुणकाने गुणतो. त्यामुळे कंसाबाहेरचे शब्दही थोडे का होईना बदलतात. ‘कम्फीयूआय’ हे दुसरं साधन असं करत नाही. ते कोऱ्या प्रॉम्प्टपासूनचं अंतर मोजून तेवढंच ताणतं. म्हणून एका ठिकाणचा 1.5 दुसऱ्या ठिकाणी तोच 1.5 नसतो, आणि मित्राकडून आणलेला प्रॉम्प्ट आपल्याकडे भडक किंवा फिका निघतो.

‘मिडजर्नी’त तर कंस नाहीतच. तिथे दोन अपूर्णविराम घालून प्रॉम्प्टचे भाग पाडतात आणि पुढे आकडा लिहितात. ते आकडे सापेक्ष असतात, त्यामुळे 2 आणि 1 लिहिलं काय किंवा 4 आणि 2 लिहिलं काय, सारखंच. ‘डॅल-ई 3’ 2023मध्ये आलं तेव्हा त्यात मधलं भाषेचं मॉडेल आपला प्रॉम्प्ट स्वतःच पुन्हा लिहायचं. अशा ठिकाणी कंसाला ठरलेला अर्थ नसतो.

चुकीच्या कंसाचा एक प्रकार मात्र हमखास घडतो. सोनं कमी करायचं म्हणून कुणी लिहितं:

```
[gold border:0.8]
```

‘ऑटोमॅटिक1111’मध्ये चौकोनी कंसात वजनाचा आकडा चालत नाही. या ओळीचा अर्थ तिथे असा होतो की चित्राच्या 80 टक्के पायऱ्या होईपर्यंत हे शब्द वापरू नका, नंतर घाला. काठ जवळजवळ नाहीसा होतो आणि माणूस समजतो की 0.8 फार कमी झालं. वजन उतरवायचं तर गोल कंसच हवा: `(gold border:0.8)`.

बिघाड कुठे सुरू होतो हे ओळखायला नजरेवर विसंबून राहू नये, कारण पिवळसर उजेड डोळ्यांना सुखद वाटतो. सीड, म्हणजे चित्राचा सुरुवातीचा ठरावीक आकडा, तोच ठेवायचा आणि फक्त वजन बदलायचं. ‘ऑटोमॅटिक1111’मध्ये `X/Y/Z plot` या स्क्रिप्टमध्ये `Prompt S/R` निवडलं की हे एकाच तक्त्यात होतं. प्रॉम्प्टमध्ये `(gold border:1.0)` ठेवून रकान्यात पुढची ओळ द्यायची, आणि दुसऱ्या दिशेला चार वेगळे सीड.

```
border:1.0, border:1.15, border:1.3, border:1.5, border:1.8
```

मग काठाकडे बघायचंच नाही, भिंतीकडे बघायचं. कुठल्याही चित्रसंपादकातल्या आयड्रॉपरने भिंतीवरचा रंग मोजला की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतात. पांढऱ्या किंवा राखाडी भिंतीत ते जवळपास सारखे असतात. वजन चढत जाताना निळा इतर दोघांपेक्षा खाली घसरू लागला की सोनं काठाबाहेर गेलं. चारही सीडमध्ये एकाच पायरीवर घसरण दिसली तर दोष वजनाचा. एकाच सीडमध्ये दिसली तर तो त्या चित्रापुरता योगायोग. 1.8च्या आसपास गेल्यावर मोजायचीही गरज उरत नाही: रंग करपल्यासारखे होतात, कातडीला धातूची चमक येते, चुण्या वितळल्यासारख्या दिसतात. `CFG Scale` फार वाढवल्यावरही असंच करपलेपण येतं, म्हणून दोन्ही एकदम वाढवू नयेत. नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही.

सजावटीच्या चित्रात हे सगळं चालून जाईल. विक्रीच्या चित्रात मात्र गिऱ्हाईक हिरवा रंग बघून पैसे भरतं. वस्तूचं खोटं वर्णन करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मेहंदी रंगाच्या चित्रावर पोपटी साडी विकली की ती परत येणार.

मग रुंद काठ मिळवायचा कसा? आकड्याआधी वाक्य सुधारावं. `wide gold zari border` असं लिहिलं की रुंदीही सांगितली जाते. नुसत्या जोराने ती सांगितली गेलीच नव्हती. पार्श्वभूमी वेगळी ठेवायची असेल तर `BREAK` हा शब्द मोठ्या अक्षरांत मध्ये घालता येतो. त्याच्यापुढचा मजकूर नव्या 75च्या गटात जातो आणि वाचताना आधीच्या शब्दांचा संसर्ग त्याला होत नाही. चित्र काढताना गळती तरीही होते, पण कमी. आणि इतकं करून काठच तेवढा उरला, तर पूर्ण चित्र पुन्हा काढण्यात अर्थ नाही. इनपेंटिंगमध्ये ब्रशने फक्त काठ झाकायचा, `Inpaint masked` निवडायचं आणि तेवढ्याच भागासाठी सोन्याचा प्रॉम्प्ट द्यायचा. तिथे 1.3 दिलं काय किंवा 1.5, भिंत मास्कच्या बाहेर असल्याने जिथल्या तिथे राहते.

दुकानात ती साडी प्रत्यक्ष असेल तर हाच मास्क उलटा वापरणं सगळ्यात बरं. साडी नेसलेल्या व्यक्तीचा साधा फोटो खिडकीच्या उजेडात काढायचा, त्याच उजेडात एक राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स लावायचा, साडी आणि माणूस मास्कने झाकायचे, `Inpaint not masked` निवडायचं, आणि यंत्राकडून फक्त भिंत, समई आणि मागचा उजेड करून घ्यायचा. मग काठाला कंस घालायची वेळच येत नाही. आयड्रॉपर तरी जवळ ठेवावा, कारण समईशेजारची भिंत तेवढ्यातही थोडी पिवळी होते.