फुगलेल्या बॅटरीची तक्रार

स्मार्टवॉचची बॅटरी फुगली की आधी नजरेत भरते ती वर आलेली स्क्रीन. काच आणि चौकट यांच्यामध्ये एका कडेला फट पडते, त्यात नख शिरते. बॅटरी मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरला ई-मेल करणारा सहज लिहून जातो, 'स्क्रीन निघाली आहे', आणि घोळ तिथेच होतो. निघाली, सैल झाली, तुटली अशा शब्दांवरून तक्रार 'फिजिकल डॅमेज'च्या खात्यात पडू शकते. आपटून किंवा दाबून झालेले नुकसान तर सहसा वॉरंटीत बसत नाही.

खरा क्रम उलटा असतो. घड्याळातल्या लिथियम-पॉलिमर सेलला कडक डबी नसते. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पातळ पापुद्र्याची ती एक बंद पिशवी असते. आतल्या इलेक्ट्रोलाइटचे विघटन झाले की वायू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसल्याने पिशवी उशीसारखी फुगते. घड्याळात मोकळी जागा जेमतेम, आणि स्क्रीन बसवलेली असते डिंकाने. मग तीच आधी हार मानते.

जुन्या बॅटरीत हे वर्षानुवर्षांच्या वापराने होते. चार-पाच महिन्यांत झाले तर सेल बनवताना आत राहिलेला ओलावा, धातूचा कण किंवा थरांची चुकीची मांडणी असा संशय येतो. पण तो संशयच. भर उन्हात गाडीत राहिलेले घड्याळ, जोराचा मार, चुकीचा चार्जर यांनीही बॅटरी फुगू शकते. सर्व्हिस सेंटर नेमके हेच विचारणार, म्हणून ई-मेलमध्ये ही उत्तरे आधीच असावीत, आणि ती खरी असावीत.

समजा घड्याळ १४ जानेवारीला घेतले आणि ८ जूनला फट दिसली. विषयाच्या ओळीत 'वॉरंटीतील घड्याळ, बॅटरी फुगल्याने स्क्रीन उचलली गेली' असे यावे आणि पुढे बिल क्रमांक व सिरियल नंबर. मजकूर एवढाच पुरे:

'८ जून रोजी सकाळी चार्जरवरून काढताना स्क्रीनची उजवी कड सुमारे २ मिलिमीटर वर आलेली दिसली. घड्याळ पडलेले, उघडलेले किंवा अन्यत्र दुरुस्त केलेले नाही. चार्जिंग सोबत मिळालेल्या चार्जरनेच केले आहे. त्या दिवसापासून घड्याळ बंद ठेवले आहे. बिल आणि चार फोटो जोडले आहेत. घड्याळ विनामूल्य बदलून द्यावे आणि ते जमा कसे करायचे ते लेखी कळवावे.'

रागाचे चार परिच्छेद लिहिण्यापेक्षा फोटोंवर वेळ घालवलेला बरा. एक फोटो कडेने, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्यात फट मोजता येते. दुसरा चारही कोपऱ्यांचा, कारण ओरखडा किंवा खड्डा नसणे हाच मार न बसल्याचा पुरावा. तिसरा मागच्या बाजूचा, चौथा सिरियल नंबरचा. घड्याळ हातचे जाण्याआधी हे फोटो काढलेले असले, तर दोष आधीचा की नंतरचा हा वाद उरत नाही.

जमा करण्याचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, स्क्रीन दाबून परत बसवू नये. पिशवी फाटली किंवा आतले थर एकमेकांना टेकले तर आग लागू शकते. खराब झालेल्या लिथियम बॅटरीला विमान वाहतुकीत मनाई आहे, त्यामुळे 'कुरियर करा' असे उत्तर आल्यास बॅटरी फुगलेली असल्याचे पुन्हा लेखी सांगून रस्त्याने पिकअप मागावा किंवा घड्याळ स्वतः नेऊन द्यावे.

काउंटरवर मिळणारी जॉबशीट सही करण्याआधी वाचावी. तिथे घाईत 'डिस्प्ले लूज' असे लिहिले गेले की ई-मेलमधली सगळी काळजी वाया जाते. 'बॅटरी फुगलेली, बाह्य मार नाही' ही नोंद करून घ्यावी. कर्मचारी नकार देत असेल तर स्वतःच्या हाताने तशी टीप लिहूनच सही करावी, आणि शीटचा फोटो त्याच ई-मेलच्या साखळीत पाठवावा.

वॉरंटी नाकारली तर नकाराचे कारण आणि तपासणीचे फोटो लेखी मागावेत. पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही मिटले नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तीही ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही. आयोगापुढे ठेवायची कागदपत्रे म्हणजे बिल, जॉबशीट आणि ८ जूनपासूनची तीच ई-मेलची साखळी.