अनारसा तळताना

अनारशाच्या पिठात तांदळाइतकाच गूळ असतो, म्हणून त्याला मंद आच लागते. तूप कडकडीत तापले तर गूळ लगेच करपतो आणि आतले पीठ कच्चे राहते. पिठाची चिमूट तुपात टाकल्यावर ती सावकाश वर आली, तर आच बरोबर आहे असे समजावे.

मुरलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी खसखशीवर ठेवून बोटांनी पुरीसारखी थापतात. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडतात आणि झाऱ्याने त्यावर तूप उडवतात. त्यामुळे वरची बाजूही शिजते आणि जाळी पडते. खालची बाजू बदामी झाली की तो एकदाच अलगद उलटतात आणि काही क्षणांत काढतात. गरम अनारसा मऊ असतो. वारंवार उलटला तर मोडतो, शिवाय खसखस सुटून तुपात जळते.

अनारसा तुपात विरघळून पसरला, तर तो 'हसला' म्हणतात. गूळ जास्त झाल्याची ती खूण. अशा वेळी पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळतात. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवले की तूप निथळते आणि गार होताना ते खुसखुशीत होतात.