पुष्कराज वरून बघा, पोटातून पारखा

पुष्कराज घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक वजन विचारतं, आत डाग आहे का ते बघतं, सर्टिफिकेट मागतं. पैलू कसे पाडलेत हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग खडा अस्सल असतो, स्वच्छ असतो, सर्टिफिकेटही खरं असतं. पण अंगठी बोटात आली की कडेला पिवळा आणि मधोमध काचेसारखा फिका दिसतो. नाहीतर उलट, कडेला चमक आणि मध्यभागी काळपट.

दोन्ही दोष येतात ते खड्याच्या पोटातून. पैलूदार खड्याच्या माथ्यावर सपाट मोठा पैलू असतो आणि कंबरेखाली पोट तळाकडे निमुळतं होत जातं. वरून शिरलेला प्रकाश पोटाच्या उतारावर आपटून समोरच्या उतारावर जायला हवा आणि तिथून उसळून पुन्हा डोळ्यांकडे यायला हवा. उतार नेमका असेल तरच हे घडतं. पुष्कराज, नीलम आणि माणिक ही एकाच खनिजाची रत्नं. त्यांच्यात प्रकाश पैलूवर सुमारे ३४ अंशांपेक्षा तिरपा आपटला तरच पूर्ण परत फिरतो. त्याहून सरळ आला तर बराचसा आरपार निघून जातो.

आता पोटाचा उतार कंबरेच्या पातळीशी ३० अंशांचा आहे असं धरा. सरळ वरून आलेला किरण त्यावर ३० अंशांनीच आपटतो आणि खालून निसटतो. त्या जागी रंग दिसत नाही, खड्याखालचं बोट दिसतं. व्यापारी याला ‘विंडो’ म्हणतात. उतार ४० अंशांचा केला तर किरण पहिल्या पैलूवरून फिरतो, समोरच्यावर ६० अंशांनी आपटून तिथूनही फिरतो आणि वर येतो. तोच उतार ५० अंशांचा झाला की पहिला पैलू किरण परतवतो, पण समोरच्यावर तो ३० अंशांनीच पोहोचतो आणि तिथून बाहेर पडतो. डोळ्यांपर्यंत काही येत नाही, म्हणून ती जागा काळी दिसते.

कारागिराला हे कळत नाही असं नाही. कच्चा पुष्कराज बहुधा दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि श्रीलंकेच्या खड्यांत रंग अनेकदा एखाद्या ठिपक्यापुरताच असतो. तो ठिपका तळाशी राखला तर वरून अख्खा खडा पिवळा दिसतो. त्यासाठी पोट खोल ठेवावं लागतं. शिवाय विक्री वजनावर होते. माथ्याकडून ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद दिसणारा लंबगोल पुष्कराज ४ मिलिमीटर खोल असेल तर साधारण दीड कॅरट भरतो. खोली ५.४ मिलिमीटर केली की वजन दोन कॅरटच्या पुढे जातं. अंगठीत दोन्ही एवढेच दिसतात. वाढीव अर्ध्या कॅरटचे पैसे जातात ते न दिसणाऱ्या पोटाचे.

म्हणून खडा बसवण्याआधी सुटा मागा. छापील कागदावर माथा वर करून ठेवा आणि अगदी सरळ वरून बघा. मधोमध खालची अक्षरं वाचता आली तर विंडो आहे. तिरकं बघू नका. कलता केल्यावर चांगल्या खड्यातही पलीकडच्या बाजूला थोडं आरपार दिसतं. मग चिमट्यात धरून आडवा बघा. खोली रुंदीच्या साधारण ६० ते ८० टक्के असावी. पोट बाहेर फुगलेलं दिसलं तर वजनासाठी ठेवलेला माल समजा.

काळोखीसाठी खडा दुकानातल्या झगझगीत दिव्याखालून काढा आणि दाराशी, दिवसाच्या मंद उजेडात नेऊन हलवा. काळे डाग जागा बदलत उजळत असतील तर चिंता नाही. मधला भाग काळाच राहिला तर गडबड आहे. अशा वेळी खड्यामागे पांढरा कागद धरून आरपार बघा. रंग स्वच्छ, उजळ दिसला तर दोष पैलूंचा. तिथेही काळपटच दिसला तर मूळ रंगच जास्त गडद आहे. खोल निळ्या नीलमात ही दुसरी गोष्ट नेहमी आढळते आणि नव्याने पैलू पाडून ती सहसा सुधारत नाही.

पैलूंचा दोष पुन्हा घासून काढता येतो, पण वजन घटतं. म्हणून भाव ठरवताना नुसत्या वजनावर जाऊ नका. त्याच वजनाचे दोन-तीन खडे शेजारी ठेवून कोणता मोठा दिसतो आणि कोणाचा मध्यभाग कडेइतकाच रंगीत आहे ते बघा. अगदी छोटी विंडो असलेला, पण रंगाला सुरेख खडा घ्यायला हरकत नाही. फक्त तो दोष भावात वजा झालेला हवा.