टँकरची बातमी : विषय सुचण्यापासून पान सुटेपर्यंत

पत्रकारितेचा अभ्यासक्रम करणारी माणदेशातली मुलं उन्हाळ्यात साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या दैनिकांत इंटर्नशिपला येतात, तेव्हा संपादकांना पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "सर, आमच्या भागातल्या दुष्काळावर लिहू का?" संपादक "बघू" म्हणतात आणि विषय तिथंच राहतो. मग मुलांची समजूत होते की गावाकडच्या प्रश्नांत कुणाला रस नाही. ही समजूत चुकीची आहे. तिच्या जोडीला आणखी काही गैरसमज येतात. ते एकाच बातमीच्या आधारानं तपासून पाहू.

गैरसमज : विषय महत्त्वाचा असला की संपादक होकार देतात

दुष्काळ हा विषय आहे, बातमी नाही. माणचा दुष्काळ जिल्ह्याच्या प्रत्येक उपसंपादकाला पाठ आहे. शिवाय तालुक्याचं चित्र आता सरसकट एक राहिलेलं नाही. उरमोडीचं पाणी काही गावांच्या शिवारात पोचलं, जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी आंधळी धरणात आलं. दुसरीकडे काही वाड्यावस्त्या उन्हाळा लागला की टँकरची वाट बघतात. 'माण दुष्काळी आहे' एवढं म्हणणाऱ्या मुलाला हा फरक ठाऊक नाही, असंच संपादकांना वाटतं.

संपादकांच्या मनात तीन प्रश्न असतात. नेमकं काय घडतंय? ते आजच का छापायचं? आणि ते खरं आहे हे तुला कशावरून कळलं? कल्पना मांडायची ती या तीन प्रश्नांच्या उत्तरांसकट.

समजा, तुमच्या गावाची लोकसंख्या 1,800 आहे. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं माणशी रोज 20 लिटर पाणी देण्याचं प्रमाण धरतात. म्हणजे गावाला रोज 36,000 लिटर पाणी लागतं. टँकर 12,000 लिटरचा असेल, तर तीन खेपा. विहिरीवर बायका म्हणतात, दोनच पडतात. आता तुमच्या हातात बातमीचं टोक आलं. संपादकांना पाठवायचा निरोप असा :

"सर, नमस्कार. आमच्या गावाला टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर आहेत. गावकऱ्यांच्या म्हणण्यानुसार गेला आठवडाभर दोनच पडतात. काल मी सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत विहिरीवर होतो, दोनच आल्या. लॉगबुकात मात्र कालच्या तीन खेपांची नोंद आहे, तिचा फोटो माझ्याकडे आहे. आज गटविकास अधिकाऱ्यांची बाजू घेतो. सहा वाजेपर्यंत 150 शब्द आणि एक फोटो देऊ शकेन."

या निरोपात 'भीषण', 'विदारक' असा एकही शब्द नाही. आकडा आहे, पाहिलेलं आहे, कागद आहे, वेळ आहे. असा निरोप नाकारणारा संपादक मला तरी भेटलेला नाही. फार तर तो म्हणेल, "शेजारच्या दोन गावांतही विचार." तो सल्ला मोलाचा असतो. तिन्ही गावांत एकच टँकर फिरत असेल, तर कमी पडणाऱ्या खेपेचं कारण तिथंच सापडण्याची शक्यता असते.

गैरसमज : लॉगबुक हाती लागलं की बातमी सिद्ध झाली

लॉगबुकात तीन आणि विहिरीवर दोन, एवढ्यावरून चोरी ठरत नाही. तिसरी खेप रात्री उशिरा आली असेल. ती वाडीवरच्या टाकीत गेली असेल. ज्या विहिरीवरून टँकर भरतात, तिथं वीज नसेल. म्हणून तीन ठिकाणी विचारावं लागतं. चालकाला विचारा : काल कुठं कुठं रिकामा केला? ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा : तिसऱ्या खेपेची सही कुणी केली आणि किती वाजता? पंचायत समितीत विचारा : टँकरला बसवलेल्या जीपीएसची कालची नोंद काय दाखवते? यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून बसू नका. त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, आणि तोवर पावसाळा सुरू झालेला असेल.

ज्याच्यावर बोट जातं, त्याची बाजू घेणं बंधनकारकच आहे. अधिकाऱ्यांनी फोन उचलला नाही, तर किती वाजता फोन केला ते वहीत लिहा, संदेश पाठवा आणि बातमीत तसं नमूद करा. मात्र छापण्याआधी मजकूर त्यांना वाचायला पाठवायचा नसतो. त्यांचं म्हणणं बरोबर टिपलंय का, एवढंच फोनवर वाचून दाखवावं.

गैरसमज : बातमी घडली त्या क्रमानं लिहावी

सकाळी उठलो, विहिरीवर गेलो, मग ग्रामपंचायतीत गेलो, हा तुमच्या दिवसाचा क्रम झाला. वाचकाला आधी सर्वांत महत्त्वाचं हवं असतं. याला व्यवहाराचंही कारण आहे : पानावर जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो. गटविकास अधिकाऱ्यांचं म्हणणं शेवटच्या ओळीत ठेवलंत आणि तीच कापली गेली, तर बातमी एकतर्फी छापून येते. म्हणून ते दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वर घ्यायचं. नमुना असा :

"अमुकवाडी (ता. माण) येथे टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर असताना मंगळवारी दिवसभरात दोनच खेपा झाल्या. ग्रामपंचायतीच्या लॉगबुकात मात्र त्या दिवशीच्या तीन खेपांची नोंद आहे.

'जीपीएसची नोंद तपासून दोन दिवसांत अहवाल मागवू,' असे गटविकास अधिकाऱ्यांनी सांगितले. तिसरी खेप वाडीवर दिल्याचे टँकरचालकाचे म्हणणे आहे. वाडीतील रहिवाशांनी मात्र मंगळवारी टँकर आला नसल्याचे सांगितले.

गावाची लोकसंख्या 1,800 असून माणशी 20 लिटरप्रमाणे रोज 36 हजार लिटर पाण्याची गरज आहे. दोन खेपांत 24 हजार लिटर मिळते."

कोण, काय, कुठे, कधी ही उत्तरं पहिल्याच परिच्छेदात आली. 'का' याचं उत्तर अजून हाती नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही. 'पाण्याची चोरी' हा शब्दही कुठं नाही, कारण तसा पुरावा नाही. अंदाजानं भरलेलं 'का' दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला लावतं.

गैरसमज : डेडलाइन म्हणजे रात्री उशिरापर्यंतची सवड

तालुक्याची पानं आधी सुटतात. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी छापायला जाते, कारण अंकाची गाडी पहाटेच्या आत पोचायची असते. त्यामुळे माणची बातमी माणमधल्या वाचकाला सकाळी वाचायला मिळावी असं वाटत असेल, तर ती संध्याकाळीच डेस्कवर हवी. आपल्या पानाची नेमकी वेळ पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

अधिकाऱ्यांच्या उत्तराची वाट बघत बातमी अडवून ठेवू नका. दुपारीच पहिले दोन परिच्छेद लिहून ठेवा, प्रतिक्रियेची जागा मोकळी सोडा आणि डेस्कला कळवा की सव्वापाचला ती ओळ येईल. फोटो सोबतच पाठवा. तो कुठं आणि कधी काढला, त्यात कोण आहे, हे खाली लिहा. हंड्यांची रांग सगळेच टिपतात. इथं लॉगबुकाचं पान जास्त बोलतं, फक्त त्यावर कुणाचा मोबाईल नंबर असेल तर तो झाकायला सांगा. मथळ्यावर डोकं खपवू नका, ते काम डेस्कचं आहे. गावाचं नाव आणि आकडे मात्र पाठवण्याआधी वहीशी पुन्हा ताडून बघा. 1,800 चे 18,000 झाले, तर पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

बातमी छापून आली की काम संपलं असं समजू नका. अधिकाऱ्यांनी दिलेले दोन दिवस उलटले की पुन्हा विहिरीवर जा, खेपा मोजा आणि अहवाल आला का ते विचारून डेस्कला कळवा. ती पाठपुराव्याची चार ओळींची बातमी तुमच्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकणार नाही.