नोकरी गेली, हप्ता राहिला

नोकरी गेल्यावर बरेच कर्जदार गृहवित्त कंपनीचे फोन उचलणेच बंद करतात. तेच महागात पडते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए होते आणि पाठोपाठ ६० दिवसांची सरफेसी नोटीस येऊ शकते. अर्ज करायचा तो पहिला हप्ता चुकण्याआधी.

समजा, २५ लाख बाकी आहेत, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षे. हप्ता सुमारे २५,३५० रुपये. मुदत २५ वर्षे केली तरी तो २१,००० च्या आसपासच येतो, कारण नुसते व्याजच महिन्याला १८,७५० रुपये आहे! आणि एकूण व्याज १७ लाखांनी वाढते ते वेगळेच. म्हणून अर्जात नुसते ‘हप्ता कमी करा’ लिहून भागत नाही. झेपेल तो आकडा सांगावा: “पत्नीच्या पगारातून दरमहा १२,००० रुपये भरू शकतो; सहा महिने उरलेल्या रकमेची सवलत द्यावी.” सोबत कामावरून कमी केल्याचे पत्र आणि बँक खात्याचा उतारा जोडावा. लपवलेले उत्पन्न त्या उताऱ्यात दिसतेच.

न भरलेले व्याज पुढे कर्जातच मिळवले जाते आणि पुनर्रचनेची नोंद क्रेडिट अहवालात राहते. मंजुरी कंपनीच्या हाती असते. अर्जाची पोच मात्र घ्यावीच. दाद लागली नाही, तर ती जोडून नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार करता येते.